सात खेळाडूंचा कोच, अठ्ठेचाळीस मुलांचे सर

‘मी गेली नऊ वर्षे कबड्डी प्रशिक्षक म्हणून कार्यरत असून माझ्या मार्गदर्शनाखाली अनेक खेळाडूंनी जिल्हा व राज्य पातळीवर नैपुण्य दाखविले आहे. खेळाविषयीची प्रचंड आवड, शिस्त व नेतृत्वगुण यांच्या जोरावर मी आपल्या नामांकित शाळेचे नाव उज्ज्वल करीन याची खात्री देतो.’

क्रीडा शिक्षकाच्या जागेसाठी येणाऱ्या दहा अर्जांपैकी सात-आठ अर्जांची सुरुवात अशीच असते. यातलं एकही वाक्य खोटं नसतं, तरीही मुख्याध्यापिका दुसऱ्या ओळीला कागद उलटा ठेवतात. का ठेवतात, आणि त्याच माणसाने त्याच अनुभवावर वेगळं पत्र कसं लिहिलं असतं, ते या प्रकरणात पाहू. अर्जदार मी बेतलेला आहे आणि शाळाही. पण असे अर्जदार मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दिंडोशीत ज्याने शाळा पाहिल्यात त्याला ही शाळाही ओळखीची वाटेल. महामार्गापासून आत चढ चढून गेलं की वसाहतीच्या इमारतींमध्ये शाळेची चार मजली इमारत, पुढे फरशीचं अंगण, त्याच्या एका कडेला स्कूल बस उभी. मैदान म्हणायचं ते हेच.

शाळा कुठल्या प्रकारची आहे, हे आधी बघावं लागतं. अनुदानित शाळांतली शिक्षकभरती आता पवित्र पोर्टलवरून होते. तिथे अभियोग्यता चाचणीचे गुण आधी बोलतात, पत्राला फारसं काम उरत नाही. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा मात्र वर्तमानपत्रात जाहिरात देतात, अर्ज मागवतात आणि मुलाखतीला बोलावतात. तिथे बायोडेटाच्या वर लावलेलं एका पानाचं पत्र खरोखर वाचलं जातं. त्यातून मुख्याध्यापिका एकच गोष्ट शोधत असतात: या माणसाला वर्ग म्हणजे काय ते कळतं का?

कोचला वर्ग कळत नाही, असं मी म्हणणार नाही. पण कोचकडे मुलं येतात ती निवडून आणि स्वतःच्या इच्छेने. कबड्डीत मॅटवर एका बाजूला सातजण असतात. संघ, राखीव, होतकरू सगळे धरले तरी संध्याकाळी त्याच्यासमोर वीस-पंचवीस पोरं. ज्याला जमत नाही तो आठवडाभरात यायचा थांबतो. सातवी ब च्या वर्गात असं कोणी थांबत नाही. 48 मुलं, त्यात दम्याचा पंप खिशात असलेला एक, गेल्या महिन्यात हात मोडलेली एक, पीटीच्या तासाला दरवेळी पोट दुखणाऱ्या चौघी, आणि क्रिकेटशिवाय दुसरं काही खेळायचंच नाही असं ठरवलेले दहा. या सगळ्यांना 35 मिनिटं हलतं ठेवायचं, हे शारीरिक शिक्षण. त्यातल्या सातांना जिंकवायचं, हे प्रशिक्षण. ही दोन कामं वेगळी आहेत आणि आपल्याकडे त्यांची विद्यालयंही वेगळीच निघाली.

याचा एक धागा दिंडोशीच्या अगदी शेजारून जातो. मुंबई सरकारने 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था काढली. दिंडोशीहून आज मेट्रोने आकुर्ली स्थानकावर उतरलं की कांदिवली पूर्व, म्हणजे मधे फक्त कुरार. त्या संस्थेचे प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे ग्वाल्हेरला गेले आणि 1957 मध्ये सुरू झालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. ही शिक्षकांची परंपरा. आजची बीपीएड ही पदवी त्याच वाटेवरची. दुसरी वाट पतियाळाची. तिथली राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 मध्ये निघाली ती प्रशिक्षक घडवण्यासाठी. एनआयएसचा डिप्लोमा किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स त्या वाटेवरचा. मैदानावर ‘एनआयएस कोच’ म्हटलं की मान मिळतो. पण शाळेच्या मान्यतेच्या कागदपत्रांत बीपीएडच्या जागी तो कोर्स चालत नाही. अर्जदार या दोन्ही गोष्टी एका ओळीत ‘उच्च प्रशिक्षित’ म्हणून गुंडाळतो, तेव्हा मुख्याध्यापिकांना पहिली शंका येते की याच्याकडे बीपीएड आहे की नाही. म्हणून आपल्या अर्जदाराने पत्रात दोन्ही वेगळ्या लिहायच्या. बीपीएड कोणत्या वर्षी, कोणत्या विद्यापीठाची, ते आधी. प्रशिक्षणाचा कोर्स त्यानंतर.

दुसरी शंका पदकांबद्दल. ‘माझे चौदा खेळाडू राज्य पातळीवर खेळले’ हे वाचून जाणकाराच्या मनात लगेच प्रश्न येतात. कोणती राज्य पातळी? शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतात. मुंबई उपनगर जिल्ह्यात जिंकलं की विभाग, मग राज्य, अशी ती चढण 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत असते. संघटनेच्या निवड चाचण्यांची वाट वेगळी. आणि कुठल्यातरी अनोळखी ‘फेडरेशन’ने पैसे घेऊन भरवलेली ‘राष्ट्रीय’ स्पर्धा ही तिसरीच. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजल्यापासून शाळा या बाबतीत सावध आहेत, कारण दहावीच्या मुलांचे सवलतीचे क्रीडा गुण याच कागदांवर अवलंबून असतात. प्रस्तावात स्पर्धा मान्यताप्राप्त नाही असं निघालं तर पालक मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये येऊन बसतात, कोचच्या नाही. शिवाय ती चौदा मुलं ‘माझी’ कशी? एखादं पोर सहा वर्षं दुसऱ्याकडे खेळलं आणि शेवटचे दोन महिने याच्याकडे आलं, तर ते कोणाचं? म्हणून आकडा चौदावरून चारावर आला तरी चालेल, पण ते चारजण किती वर्षं हाताखाली होते आणि कुठल्या स्पर्धेत कुठवर गेले, हे सांगता आलं पाहिजे. फोन करून विचारता येईल असं चार वजनदार असतं.

आता मुख्य गोष्ट. पत्रात वर्ग कसा दाखवायचा? ‘मी सर्व मुलांना सामावून घेतो’ असं लिहून तो दिसत नाही. हिशोब मांडला की दिसतो.

तासिका 35 मिनिटांची. सातवीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. हजेरी घेऊन रांगेत खाली यायला 5 मिनिटं, शेवटी पाणी पिऊन वर जायला 5. हातात राहिली 25. अंगण 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. महिला आणि कुमारी गटाचं कबड्डीचं मैदान 12 बाय 8 मीटरचं असतं, ते इथे आरामात बसतं, आणि कोचला पहिला मोह तिथेच होतो. चुना टाकायचा, दोन संघ पाडायचे आणि सामना लावायचा. चौदाजण खेळतात, चौतीसजण कट्ट्यावर बसतात. त्या चौतिसांतले दहा आरडाओरडा करतात, दोन भांडतात, आणि पोट दुखणाऱ्या चौघी सुखाने गप्पा मारतात. बाहेरून तास रंगलेला दिसतो. प्रत्यक्षात वर्गाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त मुलांचं शारीरिक शिक्षण त्या दिवशी झालेलंच नसतं.

त्याच 25 मिनिटांचा दुसरा हिशोब असा. 48 मुलांचे आठ-आठचे सहा गट. अंगणात सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी 3 मिनिटं काम, 1 मिनिट पुढच्या ठिकाणी सरकायला. सहा चोक चोवीस, एक मिनिट हाताशी. पहिल्या ठिकाणी दोरीवरच्या उड्या. दुसऱ्या ठिकाणी चढाईची पायचाल: गुडघे वाकवून, पाय न आपटता, रेषेच्या बाजूने सरकत जाणं. तिसऱ्या ठिकाणी भिंतीवर चेंडू मारून झेलणं, चौथ्या ठिकाणी एका पायावर तोल, पाचव्या ठिकाणी मॅटवर पोटाचे व्यायाम. सहाव्या ठिकाणी बसायचं, मनगटाची नाडी अर्धा मिनिट मोजायची, दुप्पट करून वहीत लिहायची. हात मोडलेली मुलगी उड्या आणि चेंडू सोडून बाकी ठिकाणी असते. मधल्या वेळात ती घड्याळ सांभाळते.

कागदावर हे छान दिसतं. पण पहिले तीन आठवडे ते कोसळतं, आणि पत्रात हेही लिहावं, कारण ज्याने खरंच घेतलंय त्यालाच ते माहीत असतं. गट उलटसुलट सरकतात, दोऱ्यांचा गुंता होतो, एक मिनिटाची अदलाबदल तीन मिनिटांची होते. उपाय साधा असतो. पहिल्या आठवड्यात दोनच ठिकाणं, दुसऱ्यात चार, मग सहा, आणि सरकायची दिशा फरशीवर खडूने बाण काढून ठरवून टाकायची. बिघडतंय हे ओळखायची खूण एकच: कुठल्याही ठिकाणी दोनपेक्षा जास्त मुलं वाट बघत उभी दिसली की तिथलं साहित्य कमी आहे किंवा गट मोठा आहे. आणि एक मर्यादा राहतेच. एका शिक्षकाची नजर एका वेळी नीट दोनच ठिकाणी पोचते. म्हणून ज्यात पडायची शक्यता आहे ते ठिकाण त्याने स्वतःच्या शेजारी ठेवायचं, नाडीवाले दूर बसवायचे.

शिट्टीचंही बघावं लागतं. चार मजली इमारतीच्या कुशीतल्या अंगणात शिट्टी वाजली की वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या तासाला ती कानात वाजते. क्रीडा शिक्षकाबद्दलच्या तक्रारींत ‘फार आवाज करतात’ ही सहकाऱ्यांची तक्रार वरच्या क्रमांकावर असते. हात वर केला की थांबायचं, ही सवय लावणारा शिक्षक स्टाफरूममध्येही टिकतो.

चाचण्यांत अंगणाची अडचण आणखी उघडी पडते. चौथीपासून पुढच्या मुलांसाठी ‘खेलो इंडिया’च्या तंदुरुस्ती चाचणीत 50 मीटर धाव आणि 600 मीटर धावणे-चालणे आहे. 28 बाय 15 मीटरच्या अंगणात कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं पळालं तरी जेमतेम 32 मीटर मिळतात, आणि पुढे थांबायला भिंत! तेव्हा 50 मीटर इथे घ्यायचीच नाही. ती वर्षातून एकदा, परवानगी काढून, जवळच्या मोकळ्या मैदानावर. 600 मीटर मात्र होऊ शकते. फरशीवर 25 मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद असा चौकोन आखला की त्याचा घेर बरोबर 75 मीटर, आणि आठ फेऱ्या म्हणजे 600. कडेला सव्वा ते दीड मीटर मोकळी राहते. अर्थात त्या दिवशी स्कूल बस बाहेर उभी करायला लावून. फेऱ्या मोजताना चुका होतातच. म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात आठ चिंचोके द्यायचे, सुरुवातीच्या रेषेवर त्याचा जोडीदार वाटी घेऊन बसतो, दर फेरीला एक चिंचोका वाटीत. हात रिकामा झाला की धाव संपली. एका वेळी बाराच मुलं, नाहीतर कोपऱ्यांवर टकरी होतात. चार काटकोनी वळणांमुळे वेळ ट्रॅकपेक्षा जास्त लागतो, म्हणून हे आकडे बाहेरच्या तक्त्याशी जुळवायचे नाहीत. जुलैचा मुलगा जानेवारीच्या त्याच मुलाशीच ताडायचा. आणि जुलैत फरशी ओली असेल तर धाव पुढे ढकलायची, कारण ओल्या फरशीच्या कोपऱ्यावर वळताना मूल हमखास घसरतं.

एवढं झाल्यावर आता पत्र.

‘मा. मुख्याध्यापिका यांस,
स. न. वि. वि.

क्रीडा शिक्षक पदाच्या आपल्या जाहिरातीस अनुसरून अर्ज करीत आहे. माझी बीपीएड पदवी अमुक विद्यापीठाची, अमुक सालची आहे. त्यानंतर कबड्डी प्रशिक्षणाचा सहा आठवड्यांचा एनआयएस प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत.

गेली नऊ वर्षे मी मंडळात कबड्डी शिकवतो. त्यांतील शेवटची तीन वर्षे सकाळी एका शाळेत तासिका तत्त्वावर पाचवी ते आठवीचे शारीरिक शिक्षणाचे तास घेतले. मंडळात माझ्याकडे चार वर्षांहून अधिक काळ असलेल्या चार मुली शालेय स्पर्धेत विभागापर्यंत पोचल्या. वर्गात मात्र मी संघ पाडून सामना लावत नाही, कारण सामन्यात चौदाजण खेळतात आणि बाकीचा वर्ग बसून राहतो.

गेल्या वर्षी आंतरशालेय सामन्यांसाठी मुली घेऊन मी आपल्या शाळेत आलो होतो. आपले अंगण पावलांनी मोजले, ते सुमारे 28 बाय 15 मीटर भरले. 48 मुलांच्या वर्गासाठी त्या जागेत सहा गटांचा तास कसा बसेल, याचा आराखडा सोबत एका पानावर जोडला आहे. ही पद्धत बसायला साधारण तीन आठवडे लागतात. त्या काळात तास विस्कळीत दिसेल, हे आधीच नमूद करतो. पावसाळ्यातील तासांसाठी वर्गात बाके न हलवता घेता येतील असे बारा व्यायाम मागील पानावर आहेत.

कबड्डीत पकड शिकवताना अंगाला अंग लागते. शाळेत मी पकड स्वतः धरून दाखवत नाही. मुलांनीच मुलांवर, मुलींनीच मुलींवर करायची आणि मुलींच्या सरावाला एक शिक्षिका उपस्थित असावी, अशी माझी विनंती राहील. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीस माझी तयारी आहे.

मंडळातील संध्याकाळचा सराव मी सातनंतर घेतो व तो चालू ठेवू इच्छितो. शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याकडून त्यासाठी शुल्क घेणार नाही व कोणाला मंडळात येण्याचा आग्रह करणार नाही. यास संस्थेची हरकत असल्यास मुलाखतीत बोलू.

कोणत्याही वर्गावर एक तास घेऊन दाखवण्याची संधी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू’

एका पानाच्या या पत्रात ‘प्रचंड आवड’ नाही, ‘नामांकित शाळा’ नाही. ‘अंगण पावलांनी मोजले’ ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मंडळाचा माणूस नव्या ठिकाणी खेळायला गेला की आधी मैदान चालून बघतो, कुठे खड्डा, कुठे उतार. सदतीस-अडतीस पावलं. कोचची ती सवयच आहे. पत्रात ती कामाला आली.

संध्याकाळच्या सरावाचा परिच्छेद लिहू नये असं काहीजण सुचवतील. नोकरी मागताना अडचण कशाला सांगायची? पण मुख्याध्यापिकांना हे कळणारच असतं, आणि नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी पालकांकडून कळलं तर वाईट रूपात कळतं: सर मंडळात फी भरणाऱ्यांनाच शाळेच्या संघात घेतात. कोच असलेल्या क्रीडा शिक्षकावर येणारा हा ठरलेला आरोप आहे, तो खरा असो वा नसो. उलटी भीतीही असते. चांगला कोच शाळा बदलतो तेव्हा त्याच्यामागून चांगली मुलंही शाळा बदलतात, हे मुंबईच्या शालेय खेळात नवं नाही. रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्याने सचिन तेंडुलकर शारदाश्रमात गेला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नव्या शाळेला अशी मुलं आली तर आनंदच होतो, पण हाच माणूस दोन वर्षांनी त्यांना घेऊन जाईल का, हेही मनात येतं. ‘आग्रह करणार नाही’ एवढ्या शब्दांनी ती भीती पुरती जात नाही. निदान ती या माणसाला ठाऊक आहे, एवढं कळतं.

पकडीचा परिच्छेदही काहींना नको तिथे नको ते बोलल्यासारखा वाटेल. पॉक्सो कायदा 2012 मध्ये आल्यापासून शाळा याबाबत जागरूक आहेत, आणि क्रीडा शिक्षक हा अंगाशी येणारा विषय शिकवतो. मांडी धरून, कंबर धरून, घोटा धरून पकड करायची असते. मंडळात कोच सहज पाय धरून दाखवतो आणि कोणाला काही वाटत नाही. शाळेत तेच केलं आणि एका मुलीला ते खटकलं, तर चूक कोणाची हा प्रश्न पुढचा, आधी मुलीचं ऐकावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. इथे पद्धतच बदलायला हवी, आणि ती बदलल्याचं अर्जदाराने न विचारता सांगावं.

शेवटची विनंती मात्र धोक्याची आहे. एक तास घेऊन दाखवतो असं लिहिलं की शाळा खरंच बोलावते, आणि बोलावते ती बहुधा एप्रिलमध्ये, परीक्षा संपलेल्या, सुट्टीकडे डोळे लागलेल्या वर्गावर. पद्धत बसायला तीन आठवडे लागतात असं ज्याने स्वतःच लिहिलंय, त्याच्या हातात पंचवीस मिनिटं. अशा वेळी सहा ठिकाणं मांडायला जाऊ नये. दोनच मांडावीत: अर्धा वर्ग रेषेवर पायचाल करतो, अर्धा नाडी मोजतो, मग अदलाबदल. सामान फक्त खडू. निवड समिती खुर्च्या टाकून सावलीत बसलेली असेल. कट्ट्यावर रिकामी बसलेली मुलं किती, एवढंच ती मोजत असते.